गजबजलेल्या ग्रुपात रिप्लाय, इमोजी आणि मेन्शन : जत्रेच्या नाटकाच्या ग्रुपातून शिकलेलं

गोव्यात पेडण्याकडे आमच्या वाड्यावर जत्रेच्या रात्री, पालखी झाल्यावर, गावच्याच मुलांचं मराठी नाटक होतं. त्याचा व्हॉट्सॲप ग्रुप माझ्याकडे आहे. ६३ माणसं. त्यात नट, प्रॉम्प्टर, पेटीवाले काका, देवळाच्या समितीतले दोघे, कपडे सांभाळणाऱ्या वहिनी आणि दुबईत नोकरीला गेलेली पण ग्रुप न सोडलेली आठ-दहा मुलं. दोन वर्षांपूर्वी याच ग्रुपात मी एका गुरुवारी रात्री हा मेसेज टाकला:

"उद्या तालीम ८ ऐवजी ९ ला. पडदे कोण आणणार? पेटी आहे का? लाईटवाल्याला आगाऊ द्यायचे का? चहा सांगू का?"

अर्ध्या तासात उत्तरं आली. "हांव हाडटां." "👍" "नाका." "हो." "🙏" "कितें?" मधेच कुणीतरी सुप्रभातचं चित्र टाकलं, रात्री साडेनऊला.

"हांव हाडटां" म्हणणारा मुलगा चहाचा थर्मास आणणार होता, मला वाटलं पडदे. वहिनींना चहा नको होता, पण त्यांचं "नाका" आमच्या खजिनदाराने लाईटवाल्याच्या आगाऊ पैशांना लावलं आणि पैसे दिलेच नाहीत. लाईटवाल्याने नाटकाच्या रात्रीचंच दुसऱ्या गावचं काम घेतलं. त्याची काहीच चूक नव्हती. आमचा दुसरा अंक देवळाच्या सभामंडपातल्या दोन ट्यूबलाईटवर झाला.

त्यानंतर मी ग्रुप चालवण्याची रीत बदलली. तुमच्याकडे चवथीच्या घुमट आरतीचा, भजनी मंडळाचा किंवा इमारतीचा ग्रुप नव्याने आला असेल, तर खाली लिहिलेलं थेट वापरता येईल. सगळं व्हॉट्सॲपबद्दल आहे, कारण आमच्याकडे आजोबांपासून सगळे तिथेच आहेत.

आधी हाताशी काय हवं

- व्हॉट्सॲपची ताजी आवृत्ती. इमोजीने प्रतिक्रिया द्यायची सोय मे २०२२ मध्ये आली, तेव्हा सहाच इमोजी होते. त्याच वर्षी जुलैत कुठलाही इमोजी चालू लागला. खूप जुनी आवृत्ती असलेल्या फोनात त्या नीट दिसत नाहीत आणि तो माणूस "मला कुणी उत्तरच देत नाही" म्हणून रुसतो. आमच्याकडे एक रुसले होते.
- ग्रुपातल्या कामाच्या माणसांचे नंबर फोनात नावानिशी. याचं कारण चौथ्या पायरीत येईल.
- कीबोर्डवर @ कुठे आहे ते माहीत असणं. मराठी कीबोर्डवर तो सहसा अंकांच्या पानावर असतो.

१. उत्तर द्यायचं ते त्या मेसेजलाच

ज्या मेसेजला उत्तर द्यायचं त्यावर बोट ठेवून उजवीकडे सरकवा. खाली लिहायच्या चौकटीवर तो मेसेज छोट्या रूपात येऊन बसतो. आता लिहा आणि पाठवा. बोटाला सरकवणं जमत नसेल तर मेसेज दाबून धरा. अँड्रॉइडवर वरच्या पट्टीत डावीकडे वळलेला बाण येतो, आयफोनवर यादीत Reply दिसतं. संगणकावर मेसेजवर माऊस नेला की कोपऱ्यात छोटा बाण येतो, त्यात Reply आहे.

बोलून उत्तर द्यायचं असेल तरी हेच. आधी सरकवा, मग माईक दाबून बोला. आमचे पेटीवाले काका टाइप करत नाहीत, त्यांची सगळी उत्तरं आवाजात असतात. पूर्वी त्यांचा "हां, चालेल" एवढाच आवाज यायचा आणि काय चालेल ते शोधायला अख्खा ग्रुप वर-खाली करावा लागायचा. आता त्या आवाजावर प्रश्न चिकटलेला असतो. त्या चिकटलेल्या प्रश्नावर बोट टेकवलं की फोन थेट मूळ मेसेजवर नेतो.

कधी रिप्लाय करायचा आणि कधी नाही? तुमचा मेसेज आणि मूळ प्रश्न यांच्यात एक जरी दुसरा मेसेज आला असेल, तर रिप्लायच करा. तुम्ही टाइप करत असताना तो मधे येऊ शकतो, म्हणून गजबजलेल्या वेळी मी डोळे झाकून रिप्लायच वापरते. रात्री अकराला दोघेच बोलत असतील तर त्याची गरज नाही. तिथे प्रत्येक वाक्याला मागचं वाक्य डकवलं की वाचणाऱ्याला सगळं दोनदा वाचावं लागतं.

खाचा दोन. पहिली म्हणजे उशिरा वाचणाऱ्यांची. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे आणि तिथली मुलं सुटल्यावर ग्रुप उघडतात. कालच्या "उद्या" ला आज रिप्लाय दिला तर तो "उद्या" कुठला? म्हणून मूळ मेसेजात "उद्या" न लिहिता "शुक्रवार १२ तारीख, रात्री ९" असं लिहावं.

दुसरी खाच जास्त बोचणारी. एखाद्याने रागात काही लिहिलं, तुम्ही त्याला रिप्लाय केलात आणि त्याने मूळ मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला, तरी तुमच्या रिप्लायात त्याचे शब्द तसेच राहतात. त्याने मिटवलेलं तुम्ही जपून ठेवता. भूमिका कुणाला द्यायची यावरून आमच्याकडे एकदा असं झालं आणि प्रकरण आठवडाभर चाललं. भांडणाच्या मेसेजला रिप्लाय करूच नये. झाला असेल तर आपलाही मेसेज डिलीट करावा. त्याला अडीच दिवसांपर्यंत वेळ असतो.

२. एका मेसेजात एकच प्रश्न

ही पायरी खरं तर विचारणाऱ्यासाठी आहे आणि तीच सगळ्यांत जास्त चुकते. व्हॉट्सॲपमध्ये रिप्लाय अख्ख्या मेसेजला जातो, त्यातल्या एका वाक्याला नाही. शिवाय उत्तरावर डकवलेल्या मेसेजच्या पहिल्या काही ओळीच दिसतात. म्हणजे माझ्या त्या गुरुवारच्या मेसेजला सगळ्यांनी अगदी शिस्तीत रिप्लाय केला असता, तरी "नाका" कशाला ते कळलंच नसतं. चूक उत्तर देणाऱ्यांची नव्हतीच. मी एक निरोप आणि चार प्रश्न एका दावणीला बांधले होते.

म्हणून पाच प्रश्न असतील तर पाच मेसेज. "उगाच मेसेज वाढवू नका" असं आमचे समितीवाले सुरुवातीला म्हणाले. पण पाच स्वच्छ मेसेज आणि त्याखाली पाच उत्तरं ही गर्दी नव्हे. एका मेसेजखाली "कशाचं म्हणता?" असे चौदा मेसेज येतात, ती गर्दी.

दुसऱ्याच कुणी असा गठ्ठा टाकला असेल तर त्याला सुधारत बसू नका. रिप्लाय करा आणि उत्तरातच विषय लिहा: "पडदे मी आणतो." दोन शब्द जास्त लागतात, पण उत्तर स्वतःच्या पायावर उभं राहतं. ग्रुपात आज आलेल्या माणसालाही ते कळतं.

३. इमोजी कुठे पुरतो आणि कुठे नाही

मेसेज दाबून धरला की वर इमोजींची ओळ येते. हवा तो दाबा. ओळीच्या शेवटच्या + मध्ये बाकीचे आहेत. एका मेसेजला एका माणसाचा एकच इमोजी राहतो, दुसरा दिलात की पहिला जातो. काढायचा असेल तर मेसेजखाली दिसणाऱ्या इमोजीवर टेकवा, यादीत आपलं नाव येईल, त्यावर पुन्हा टेकवा. त्याच यादीत कुणी काय दिलंय तेही दिसतं.

याचा फायदा साधा आहे. "ठीक आहे", "ओके", "वाचलं" असे चाळीस मेसेज ग्रुपात पडत नाहीत. मी तालमीची वेळ टाकते आणि लोक त्याला 👍 लावतात. त्याखाली ग्रुप मोकळा राहतो, पेटीवाल्या काकांचा आवाज गाडला जात नाही.

पण इमोजीची एक मर्यादा नव्या माणसाला माहीत नसते. त्याची सूचना फक्त ज्याचा मेसेज आहे त्याला जाते. समजा मी विचारलं, "खुर्च्या कोण सांगतंय?" आणि एका मुलाने 👍 लावला. मला कळलं. खुर्च्यांचे पैसे देणाऱ्या खजिनदाराला मात्र काहीच कळलं नाही, तो मेसेज पुन्हा वर जाऊन बघेल तेव्हाच त्याला दिसणार. तिसऱ्या माणसाने त्यावर काही करायचं असेल तर इमोजी पुरत नाही, लिहून सांगावं लागतं.

आणि इमोजी मागे घेता येतो. गुपचूप, कुठलाही माग न ठेवता. मेसेज डिलीट केला तर "डिलीट केला" अशी ओळ तरी राहते, इमोजी गेला की गेला. शोधून तो सापडत नाही. म्हणून पैसे, वेळ पाळायचा शब्द, जबाबदारी या तिन्ही गोष्टी आमच्या ग्रुपात इमोजीवर चालत नाहीत. "₹५०० दिले" असं लिहावंच लागतं. खजिनदाराने हा नियम केला आणि लाईटच्या प्रकरणानंतर त्याला कुणी विरोध केला नाही.

आता अर्थाचा घोळ. 🙏 हा आपल्याकडे सगळ्यांत फसवा. कुणी तो "नमस्कार" म्हणून लावतं, कुणी "आभार" म्हणून, आणि बरीच थोरली माणसं "माफ करा, जमणार नाही" म्हणून. "रविवारी रंगमंच बांधायला कोण येणार?" या मेसेजला आमच्याकडे अकरा 🙏 आले होते. आले चौघे. आता मी मेसेजच्या शेवटी चावी देते: "येणार 👍, नाही येणार ❌". हा ❌ वरच्या ओळीत नसतो, + मध्ये शोधावा लागतो. एकदा वापरला की तो अलीकडे वापरलेल्यांत सापडतो. पर्याय दोनाहून जास्त असतील, म्हणजे "शनिवारी, रविवारी की सोमवारी" असं काही, तर इमोजींची कसरत नको. तिथे पोल बरा.

आणि एक, जे सांगायलाच हवं. कुणी गेल्याची बातमी ग्रुपात येते तेव्हा हात सवयीने 👍 कडे जातो. 😂 आणि 😢 चष्म्याशिवाय सारखेच दिसतात. अशा बातमीला इमोजी लावूच नये. दोन शब्द लिहावेत, आणि घर जवळ असेल तर जाऊन यावं.

४. नाव घेऊन हाक

"कोण आणणार?" असं ६३ जणांना विचारलं की प्रत्येकाला वाटतं, उरलेले ६२ आणतील. म्हणून नाव घ्यायचं, यालाच मेन्शन म्हणतात. @ टाइप करा. ग्रुपातल्या माणसांची यादी वर येते. नावाची दोन-तीन अक्षरं लिहिली की यादी आखडते. मग यादीतल्या नावावर बोट टेकवा. नाव वेगळ्या रंगात दिसलं की हाक लागली. हाताने "@पेटी काका" असं पूर्ण लिहून पाठवलं आणि यादीतून निवडलं नाही, तर ती नुसती अक्षरं असतात, कुणाचाही फोन वाजत नाही. नव्या लोकांची पहिली चूक हीच. पाठवण्याआधी रंग बघायची सवय लावा.

यादीत नाव सापडत नाही असं म्हणणाऱ्यांचा घोटाळा बहुतेक वेळा लिपीचा असतो. फोनात तुम्ही नाव रोमीत साठवलंय आणि @ नंतर देवनागरीत शोधताय. ज्या लिपीत साठवलंय त्याच लिपीत लिहा. नंबर साठवलाच नसेल तर त्या माणसाने स्वतः ठेवलेलं नाव दिसतं, आणि आमच्याकडे तिघांनी तिथे नुसता "ॐ" ठेवलाय. नंबर साठवून घ्या म्हटलं ते यासाठी.

मेन्शनमध्ये नावामागे नंबर जातो. वाचणाऱ्याला ते नाव त्याच्या फोनात जसं साठवलंय तसं दिसतं. माझ्या फोनात "पेटी काका" असलेले गृहस्थ वहिनींच्या फोनात "मामा" आहेत, त्यांना "@मामा" दिसतं. त्यामुळे तुम्ही कुणाला गमतीच्या नावाने साठवलं असेल तरी घाबरू नका, ते बाहेर पडत नाही. स्क्रीनशॉट काढून ग्रुपात टाकलात तर मात्र पडतं. हे मी अनुभवाने सांगतेय.

मेन्शनचं खरं बळ म्हणजे ग्रुप म्यूट केलेल्या माणसालाही ते पोचतं. आमच्याकडे निम्म्या लोकांनी ग्रुप म्यूट केलाय, आणि त्यांचं चूक नाही. सुप्रभातची चित्रं कोण ऐकत बसणार? पण त्यांचं नाव घेतलं की त्यांना सूचना जाते, आणि ग्रुपच्या नावासमोर @ चं चिन्ह दिसतं. फोनच शांत ठेवलाय किंवा व्हॉट्सॲपच्या सूचनाच बंद केल्यात, तर तेही चालत नाही.

एवढं बळ असल्यामुळे ते जपून वापरावं. एका मेसेजात दोन किंवा तीन नावं, बस. एकदा एका उत्साही मुलाने तालमीच्या आठवणीसाठी वीस जणांना एकेक करून मेन्शन केलं, रात्री पावणेबाराला. दुसऱ्या दिवशी तिघे ग्रुप सोडून गेले होते.

मेसेज पाठवल्यावर नाव घालायचं राहिलं असं लक्षात आलं तर? पंधरा मिनिटांच्या आत मेसेज दुरुस्त करता येतो, पण दुरुस्तीची नवी सूचना जात नाही. म्हणून दुरुस्त करत बसू नका. स्वतःच्याच मेसेजला रिप्लाय करून त्यात नाव घाला. प्रश्न वर डकवलेला राहतो आणि हाकही जाते.

५. तोच गुरुवार, पुन्हा

पुढच्या वर्षी जत्रेआधीच्या गुरुवारी मी हेच प्रश्न असे टाकले:

- ९:०५ "तालीम शुक्रवारी रात्री ९ ला, ८ ला नाही. वाचलं की 👍"
- ९:०६ "@प्रॉम्प्टर भाऊ पडदे तालमीला तुम्ही आणाल का? लिहून सांगा."
- ९:०७ "@पेटी काका शुक्रवारी ९ ला पेटी घेऊन येणार ना?"
- ९:०८ "@खजिनदार दादा लाईटवाल्याला आगाऊ आजच द्यायचे. दिले की इथे लिहा, @समिती अध्यक्ष यांना कळेल."
- ९:०९ "तालमीत चहा हवा 👍, नको ❌"

चहाला सव्वानऊपर्यंत नऊ 👍 आणि एक ❌ आला. ❌ वहिनींचा, आणि या वेळी तो कुणाच्याच पैशांना लागला नाही. प्रॉम्प्टर भाऊंनी रिप्लाय दिला, "पडदे आणतो, पण टेम्पो नाही." त्यालाच रिप्लाय करून दुबईतल्या एका मुलाने लिहिलं, "माझ्या भावाची पिकअप घ्या, त्याला सांगितलंय." मधे सात दुसरे मेसेज येऊन गेले होते, तरी कुणालाही "कसली पिकअप?" विचारावं लागलं नाही. खजिनदाराचं "दिले, रोख" ९:४२ ला आलं. तेही रिप्लाय म्हणून, त्यामुळे कुणाला आणि कशाचे हे त्यातच होतं.

तालमीच्या वेळेला ४१ 👍 आले. उरलेल्यांनी वाचलं की नाही ते बघायची सोय आहे. स्वतःचा मेसेज दाबून धरा आणि Info उघडा, आयफोनवर तोच मेसेज डावीकडे सरकवा. कुणी वाचला आणि कुणाला नुसता पोचला, अशा दोन याद्या दिसतात. कुणी निळ्या खुणा बंद ठेवल्या असतील तरी ग्रुपात त्या लपत नाहीत. सगळ्यांनी वाचेपर्यंत मेसेजवरच्या खुणा निळ्या होत नाहीत, म्हणून नुसत्या खुणांवरून अंदाज बांधू नका.

६. सगळ्यांसमोर नको ते

ग्रुपातल्या मेसेजला एकट्यालाच उत्तर द्यायचं असेल तर मेसेज दाबून धरून मेनूतलं Reply privately निवडा. मूळ मेसेज डकवून त्या माणसाशी स्वतंत्र चॅट उघडतं. कुणाचं मानधन, कुणाची भूमिका काढून घ्यायची बातमी, कुणाच्या उच्चाराची चूक, हे सगळं तिथे. पाठवायच्या आधी वरचं नाव एकदा बघा. ग्रुपाचं नाव असेल तर तुम्ही साधा Reply दाबलाय.

त्या गुरुवारी रात्री दहा वाजता Info मध्ये एकच नाव "पोचला" च्या यादीत अडकलं होतं, पेटी काकांचं. मेन्शन केलं होतं, तरी. त्यांचा फोन रात्री आठनंतर देवघरात चार्जिंगला असतो, हे मला माहीत होतं. मी वहिनींना फोन केला, त्यांनी खिडकीतून शेजारी हाक मारली, आणि दोन मिनिटांनी ग्रुपात काकांचा आवाज आला, माझ्या ९:०७ च्या मेसेजला रिप्लाय म्हणून: "येतां गो, पेटी घेवन."